तुमच्या डोक्यामागे नकाशाची सूची आहे, बाजूला व्हा

नारपोलीतल्या मुलामुलींनो, मोबाइलवर मागे नकाशा किंवा मथळा लावून, पुढे स्वतः उभं राहून, मिनिटभरात बातमी समजावून सांगणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. ते व्हिडिओ बघून घरच्या ग्रुपवर पाठवणाऱ्या तुमच्या आईवडिलांसाठी आणि मामा-मावश्यांसाठीही लिहितेय. वाचा. पाऊस दाराशी आलाय.

मी इथे भूगोल शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ग्रीन स्क्रीनचे व्हिडिओ करतात. हिरवा कपडा लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. ॲपच तुमचं शरीर भिंतीपासून वेगळं कापतं आणि मागे तुम्ही निवडलेलं चित्र बसवतं. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातमीत निवेदक नकाशासमोर उभा राहतो, तेच काम आता पटेल कंपाउंडच्या जिन्यात उभं राहून आठवीतली मुलगी करते. मला त्याचं कौतुक आहे. आमच्या गल्लीत मागावर रात्रपाळी करणारा माणूस वर्तमानपत्र उघडत नाही. हवामान खात्याचं पान तर त्याने कधी पाहिलंच नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते तुम्ही. तुमचं बोलणं ऐकून तो ठरवतो की आज रात्री पोरांना खालच्या खोलीत झोपवायचं की बहिणीकडे पाठवायचं.

म्हणूनच हात जोडून सांगते. या पावसाळ्याचा पहिला व्हिडिओ टाकण्याआधी थांबा आणि पुढचं ऐका.

एका जूनमधली गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी, हुशार, बोलका, वर्गाबाहेर माझी वाट बघत उभा होता. "बाई, बघा ना, किती लोकांनी बघितला!" त्याने फोन पुढे केला. व्हिडिओत त्याच्या मागे महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यात ठाणे जिल्हा लालभडक. तो पुढे उभा राहून सांगत होता, "बघा मित्रांनो, आपला ठाणे जिल्हा रेडमध्ये आलाय. पुढचे दोन दिवस घराबाहेर पडू नका, जुन्या बिल्डिंगवाल्यांनी तर आजच निघा." सांगण्यात तळमळ होती. खोटेपणा तिळभर नव्हता. पण सांगितलेलं सगळं उलटं होतं.

तो नकाशा इशाऱ्याचा नव्हताच. १ जूनपासून त्या दिवसापर्यंत प्रत्येक जिल्ह्यात नेहमीच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त पाऊस झाला, ते दाखवणारा तो नकाशा होता. हवामान खात्याच्या त्या नकाशात लाल रंगाचा अर्थ तुटीचा पाऊस, म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी. जास्त पाऊस तिथे निळ्या रंगात दाखवतात. पिवळा रंग तर लालपेक्षाही वाईट तूट सांगतो, ६० ते ९९ टक्के कमी. इशाऱ्याच्या नकाशात मात्र पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. दोन्ही नकाशे एकाच खात्याचे, दोन्हींवर तेच जिल्हे, तोच लाल रंग. एक लाल सांगतो पाऊस रुसलाय, दुसरा लाल सांगतो जीव वाचवा.

मी त्याला विचारलं, "अरे, नकाशाखाली सूची होती ना? ती वाचलीस का?" त्याने व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. सूची दिसेना. कारण तो स्वतःच तिच्यावर उभा होता. त्याच्या उजव्या खांद्यामागून लाल चौकटीचा एक कोपरा डोकावत होता, आणि त्यापुढची अक्षरं त्याच्या सदऱ्याने झाकलेली होती.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण खरा धोका तिथे आहे. आमच्या मागच्या चाळीतली एक बाई तो व्हिडिओ बघून दोन लेकरांना आणि गाठोड्याला घेऊन कल्याणला नणंदेकडे गेली. नवऱ्याने पाळी बुडवली. दोन दिवस कडक ऊन पडलं. दोघांची मजुरी गेली, वर नणंदेचे टोमणे. काही आठवड्यांनी खरोखरीचा इशारा आला, खऱ्या नकाशावर, तेव्हा शेजारणीने तिला निघायला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या वेळी पण लालच होतं." त्या रात्री तिच्या खोलीत पाणी शिरलं. पोरांना माळ्यावर बसवून तिने पहाट काढली. जीव वाचले. पण तिच्यासारख्या किती जणी आता कुठल्याच लाल रंगावर विश्वास ठेवत नसतील, ते तुम्हीच सांगा.

तुमच्या हातात आहे ते हे. नकाशा लावण्याआधी त्याचं शीर्षक वाचा. 'वॉर्निंग' लिहिलंय का, की नुसतं 'रेनफॉल' लिहिलंय, बघा. मग सूची वाचा, मोठ्याने वाचा, आणि मगच रेकॉर्डचं बटण दाबा. व्हिडिओत पहिलं वाक्य सूचीचंच असू द्या: "हा इशाऱ्याचा नकाशा आहे, यात लालचा अर्थ असा." पाच सेकंद जातात. जाऊ द्या. प्रेक्षक पहिल्या पाच सेकंदांत पळून जाईल, अशी भीती तुम्हाला वाटते, मला माहीत आहे. पण ज्याच्या घरावर पत्रा आहे, तो पळत नाही.

आणि बाजूला व्हा! हे शब्दशः सांगतेय. उभ्या फोनची चौकट अरुंद असते. नकाशा जेमतेम मावतो. ॲप तुम्हाला सहसा खाली, मधोमध उभं करतं. नकाशाची सूची आणि तारीख बहुतेक वेळा खालीच किंवा कोपऱ्यात छापलेली असते. उरलेली जागा ॲपची स्वतःची असते. खाली तुमचं नाव आणि मजकूर, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं. म्हणजे माणसाला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तेवढंच नेमकं झाकलं जातं. उपाय सोपा आहे. नकाशा चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात बसवा. स्वतःला बोटांनी लहान करून खाली सरकवा. सूचीचा तुकडा वेगळा कापून, मोठा करून, दुसरं चित्र म्हणून लावा. ठाणे जिल्ह्याभोवती आधीच गोल काढून ठेवा. बोट दाखवायच्या भरवशावर राहू नका, कारण हात झटकन हलला की ॲप बोटच कापून टाकतं, आणि बघणाऱ्याला कळत नाही तुम्ही ठाणे दाखवलंत की पालघर.

सूचीपेक्षाही मोठी चूक एका छोट्या शब्दाने होते. तो शब्द 'आज'.

तुम्ही सोमवारी म्हणता, "आज रेड अलर्ट आहे." तुमचा व्हिडिओ सोमवारी थोडे लोक बघतात. मग ॲपला तो आवडतो आणि गुरुवारी तो दहापट लोकांपुढे ठेवतं. गुरुवारी आकाश निरभ्र असतं, आणि तुम्ही पडद्यावरून सांगत असता, आज रेड अलर्ट आहे. कुणीतरी तो उतरवून घेतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. तिथे तुमचं नाव नाही, तुमच्या मजकुरातली तारीख नाही, खालच्या प्रतिक्रिया नाहीत. पुढच्या वर्षी जुलैत तोच तुकडा पुन्हा उगवतो. मी स्वतः एकच व्हिडिओ दोन वेगवेगळ्या पावसाळ्यांत आमच्या पालकांच्या ग्रुपवर पाहिला आहे.

म्हणून 'आज' म्हणू नका. 'उद्या' म्हणू नका. वार आणि तारीख तोंडाने बोला. तीच तारीख मोठ्या अक्षरांत चित्रावर टाका, मजकुरात नको, चित्रावरच. तुकडा कुठेही गेला तरी तारीख त्याच्या अंगावर गोंदल्यासारखी राहील. मुदत संपली की व्हिडिओ खासगी करा किंवा काढून टाका. बघणाऱ्यांचा आकडा गेला तर जाऊ द्या.

तारखेत आणखी एक खाच आहे. फार थोड्यांना ती माहीत आहे, आणि आपल्या नारपोलीला तर ती कळलीच पाहिजे. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. पाऊस मोजायचा तो आदल्या सकाळी साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत. इशाऱ्याचा रकानाही तसाच. नकाशावर 'मंगळवार' लिहिलं असेल तर तो मंगळवार सकाळी साडेआठपासून बुधवार सकाळी साडेआठपर्यंत चालतो. समजा मंगळवार लाल आहे आणि बुधवार पिवळा. तुम्ही व्हिडिओत सांगितलंत, "बुधवारपासून धोका कमी." ऐकणारा मंगळवारी रात्री बाराला सुटकेचा श्वास टाकतो आणि लेकरांना घेऊन परत येतो. बुधवारची पहाट मात्र अजून लाल रकान्यातच आहे.

पहाट म्हटलं की आपल्याला काय आठवतं, ते मी सांगायला नको. २१ सप्टेंबर २०२०, पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. १९८४ सालची इमारत. माणसं गाढ झोपेत होती. किमान ३८ जण गेले, त्यांत कितीतरी लेकरं. तुमच्यापैकी काहींनी त्या दिवशी वर्गसोबती गमावले. जुनी इमारत पहाटेच पडते असं नाही, पण पहाटे पडली तर कुणाला पळता येत नाही. पहाट कुठल्या रकान्यात मोजायची, हे सांगणारं एक वाक्य तुमच्या व्हिडिओत हवंच हवं: "हा इशारा बुधवारी सकाळी साडेआठपर्यंत आहे."

आता 'सोपं करून सांगण्या'बद्दल. तुम्ही सोपं करता, म्हणूनच लोक तुम्हाला ऐकतात. पण सोपं करताना चुकीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं, तर ते पुसता येत नाही.

त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं, "दोनशे मिलिमीटर म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी." अर्धं बरोबर, म्हणून जास्त घातक. दोनशे मिलिमीटर म्हणजे वीतभर. ते पाणी कुठेही न वाहता, न मुरता जागच्या जागी थांबलं तर तेवढं चढेल. पण पाणी थांबत नाही, उताराकडे धावतं. उंचावरच्या गल्लीत पाऊल बुडत नाही आणि नाल्याकाठी कंबरेपर्यंत चढतं. त्यामुळे खोलगटात राहणारा म्हणतो, "वीतभरच ना, बघू." त्याला फसवणारा तुमचा तो सोपा शब्द असतो.

त्यापेक्षा हे सांगा, मी वर्गात असंच सांगते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. आता तुमच्या इमारतीची गच्ची घ्या. दहा मीटर बाय दहा मीटर धरा, म्हणजे शंभर चौरस मीटर. तिच्यावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला की झाले वीस हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या दारात येतात तसले दहा हजार लिटरचे दोन टँकर. गच्चीचं भोक मोकळं असेल तर हे पाणी चोवीस तासांत खाली वाहून जातं, कुणाला कळतही नाही. भोकात प्लास्टिकची पिशवी, मागावरून उडालेल्या तंतूंचा गोळा, कबुतराचं घरटं अडकलं असेल, तर त्यातलं बरंच पाणी वरच साचत जातं. कठड्याआड पुरं साचलं तर वीस टन वजन स्लॅबच्या माथ्यावर. आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत खाली माग चालतात आणि वर संसार. खालून दिवसरात्र हादरे, सळई गंजलेली, आणि वर हे ओझं.

बघा, आता तुमच्या नकाशाचा नुसता रंग उरला नाही, त्यातून एक काम निघालं. "गच्चीवर जा, भोक मोकळं करा." हे वाक्य तुमच्या व्हिडिओत घाला. मागे नकाशाच्या जागी तुमच्याच गच्चीचा फोटो लावा, पिशवी अडकलेल्या भोकाचा, आणि मग साफ केलेल्या भोकाचा. ते बघून दहा मुलं आपापल्या गच्चीवर चढतील. अंधारात, पावसात चढू नका. आजच उजेडी चढा. मोठं माणूस सोबत घ्या.

नकाशाला सांगता येत नाही ते मात्र सांगू नका. रंग जिल्ह्याला असतो, नारपोलीला नसतो. ठाणे जिल्हा मुरबाड-शहापूरच्या डोंगरापासून खाडीपर्यंत पसरलेला आहे. नारिंगी रंग असताना डोंगरावर कोसळेल आणि आपल्याकडे भुरभुर येईल. उलटही होईल. २६ जुलै २००५ आठवा. साडेआठ ते साडेआठच्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७४च्या आसपास. एकाच शहरात, एकाच दिवशी. म्हणून "आज आपल्याकडे एवढा पडणार" असं छातीठोक सांगू नका. सांगा, "जिल्ह्यात कुठेतरी एवढा पडू शकतो, आणि ते 'कुठेतरी' आपण असू शकतो." यात कुठे कमीपणा नाही. उलट रंग खरा ठरला नाही तरी तुमचा शब्द खोटा पडत नाही, आणि मागच्या चाळीतली ती बाई पुढच्या वेळीही तुमचं ऐकते.

चित्र घ्यायचं तर ते मूळ जागेवरून घ्या, `mausam.imd.gov.in` वरून, स्वतः उघडून, व्हिडिओ करायच्या अगदी आधी. इशारे दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बदलतात. सकाळी पिवळा दिसलेला रकाना संध्याकाळी नारिंगी होऊ शकतो. कुणी पाठवलेला स्क्रीनशॉट लावू नका. तो कुठल्या दिवसाचा, कुणी कापलेला, काही कळत नाही. आणि घेतल्याची वेळ सांगा: "हे मी संध्याकाळी सहा वाजता बघितलं."

मथळ्यांचंही तसंच आहे, फक्त तिथे रंगाऐवजी आकडा फसवतो. २१ सप्टेंबरच्या त्या सकाळी बातम्यांमध्ये मृतांचा आकडा दहाच्या घरात होता. ढिगारा उपसायला पुढचे काही दिवस लागले आणि आकडा रोज वाढत गेला. सकाळचा मथळा मागे लावून कुणी बोललं असेल, तर त्याचा व्हिडिओ संध्याकाळीच शिळा झाला. अशा बातमीत तास सांगितल्याशिवाय आकडा उच्चारू नका. ज्यांचं माणूस ढिगाऱ्याखाली आहे, ते तोच आकडा कान देऊन ऐकत असतात.

दर उन्हाळ्याच्या शेवटी आणखी एक मथळा येतो: शहरात एवढ्या इमारती धोकादायक. तुम्ही तो मागे लावता, डोळे मोठे करता, "बापरे" म्हणता. पण त्या आकड्यात माझी इमारत आहे का, हे मला कुठे कळलं? महापालिकेच्या यादीत वर्ग असतात, ते सांगा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. या चौघांना एका आकड्यात कोंबून "बापरे" म्हटलं की सी-३वाला उगाच घाबरतो आणि सी-१वाला म्हणतो, सगळ्याच पडायला आल्यात, आपल्यालाच कशाला जायचं! मथळ्याऐवजी यादीचं पान मागे लावा. आपल्या प्रभागाचं पान. अक्षरं वाचता येतील एवढं मोठं करा, वर्गाच्या रकान्याभोवती गोल काढा. नाव मनाने जोडू नका, एकही नाही. "ती कोपऱ्यावरची पण पडायला आलीय" असं ऐकीव बोललात तर तिथल्या भाडेकरूंची झोप जाईल, आणि उद्या खरी यादी दाखवलीत तरी भांडण होईल.

यादीची मर्यादाही सांगा, लपवू नका. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत भर दुपारी पडली. आठ जण गेले. एप्रिल महिना होता, पावसाळा अजून लांब होता. नकाशावरचा कुठलाच रंग ते सांगू शकला नसता. यादीत नाव नाही म्हणजे इमारत ठणठणीत, असं कुणालाही वाटू देऊ नका. कायद्याने तीस वर्षांपुढच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मालकाने करून घ्यायची असते. तुमच्या इमारतीचं वय काढा. घरात विचारा, झालीय का तपासणी? दार अचानक घट्ट बसायला लागलं, कॉलमवरचं प्लास्टर फुगून सुटलं, भेगेतून रेती गळायला लागली, तर व्हिडिओ नंतर करा. आधी माणसं बाहेर काढा आणि ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ लावा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. हे तीन नंबर तुमच्या प्रत्येक पावसाळी व्हिडिओच्या शेवटी दोन सेकंद तरी दिसू द्या.

भेगेचा फोटोही मागे लावता येतो. पण नुसती भेग सगळ्यांची सारखीच दिसते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर दोन्ही फोटो एकाखाली एक लावून दाखवा. यापेक्षा खरा आलेख मी वर्गात कधी शिकवला नाही. हा व्हिडिओ आधी मालकाला आणि महापालिकेला पाठवा, मग जगाला दाखवा.

आता वळते घरातल्या मोठ्यांकडे. काका, मावशी, तुम्ही व्हिडिओ करत नाही, पण तो दारोदार पोचवता तुम्हीच. तुमच्या अंगठ्याखाली 'फॉरवर्ड' आहे. दाबण्याआधी तारीख शोधा. तोंडाने सांगितली नाही, चित्रावर दिसत नाही, तर तो व्हिडिओ तिथेच थांबवा. नकाशा असेल आणि सूची झाकलेली असेल, तर थांबवा. पोराला रागावू नका, उलट निरोप धाडा: "बाळा, तारीख टाकून पुन्हा पाठव, मी पुढे पाठवते." ते पोर दहा मिनिटांत नवा व्हिडिओ करेल. मी या मुलांना ओळखते.

आणि मुलांनो, भाषा. आपल्या एका जिन्यात मराठी आहे, भोजपुरी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे. मराठीत केलेला तोच व्हिडिओ, तेच चित्र मागे ठेवून, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून तेलुगूत बोलवून घ्या. सूचीचं वाक्य, साडेआठचं वाक्य, गच्चीचं वाक्य. चाळीस सेकंद पुरतात. ज्याला आपल्या भाषेत सांगणारं कुणी नसतं, तो रंग बघून अंदाज करतो. लाल रंगाचा अंदाज कसा उलटा पडतो, ते वर सांगितलंच आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी पहिला व्हिडिओ काढून टाकला आणि नवा केला. त्यात तो अगदी खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा दिसतो. वर सूची, मधे ठाण्याभोवती जाड काळा गोल, आणि तारीख एवढी मोठी की चष्म्याशिवाय मला वाचता आली. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो, "काल मी चुकीचं सांगितलं होतं, तो नकाशा कमी पावसाचा होता." बघणारे आधीच्यापेक्षा कमी मिळाले. मागच्या चाळीतल्या त्या बाईला मी स्वतः नेऊन दाखवला.

तुमच्यापैकी ज्यांनी गेल्या पावसाळ्यात 'आज रेड अलर्ट' म्हणून व्हिडिओ टाकलाय, त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच फोन उघडा. तो अजून फिरतोय. खाली सरकत जा, शोधा, आणि काढून टाका. मग गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा.